ओळीने वाचायचे की स्तंभाने? मॅट्रिक्स आणि कॅश मिसचा हिशेब

दोन मितींचा अ‍ॅरे, म्हणजेच मॅट्रिक्स, कागदावर आडव्या ओळी आणि उभे स्तंभ अशा चौकटीत मांडला जातो. संगणकाच्या मेमरीत अशी चौकट नसते. तेथे फक्त एकामागून एक वाढत जाणारे पत्ते असतात आणि प्रत्येक पत्त्यावर एक बाइट असतो. त्यामुळे मॅट्रिक्स मेमरीत ठेवताना तिचे घटक एका सरळ रेषेत मांडावे लागतात आणि ते कोणत्या क्रमाने मांडायचे हे आधी ठरवावे लागते.

हा क्रम दोन प्रकारे लावतात. पहिल्या प्रकारात पहिली ओळ पूर्ण ठेवून झाल्यावर तिच्या शेजारी दुसरी ओळ, मग तिसरी, असे जातात. याला रो-मेजर किंवा ओळप्रधान मांडणी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात आधी पहिला स्तंभ वरपासून खालपर्यंत ठेवतात, मग दुसरा. ही कॉलम-मेजर किंवा स्तंभप्रधान मांडणी होय. सी आणि सी++ या भाषा ओळप्रधान मांडणी वापरतात, तर फोरट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलिया स्तंभप्रधान. पुढचे सगळे विवेचन सी भाषेच्या मांडणीला धरून आहे.

मॅट्रिक्समधील सर्व संख्यांची बेरीज करायची असेल, तर सी भाषेत ती दोन प्रकारे लिहिता येते.

```
for (i = 0; i < 8; i++)        /* ओळीने */
    for (j = 0; j < 8; j++)
        sum += a[i][j];

for (j = 0; j < 8; j++)        /* स्तंभाने */
    for (i = 0; i < 8; i++)
        sum += a[i][j];
```

दोन्हींत ६४ वाचने आणि ६४ बेरजा होतात आणि उत्तरही एकच येते. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत प्रोसेसर मेमरीत शेजारून शेजारी सरकतो आणि दुसऱ्या रीतीत प्रत्येक पावलाला एक अख्खी ओळ ओलांडून पुढे उडी मारतो. मोठ्या मॅट्रिक्सवर ही दुसरी रीत कित्येक पट हळू चालते. त्याचे कारण कॅश मेमरीच्या कामाच्या पद्धतीत आहे.

कॅश लाइन

प्रोसेसरच्या तुलनेत मुख्य मेमरी फार हळू असते. तिच्यातून एखादी संख्या आणायला आजच्या संगणकातही शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रोसेसरची काहीशे आवर्तने होऊन जातात. हे थांबणे टाळण्यासाठी प्रोसेसरच्या आतच लहान पण अतिशय वेगवान अशी कॅश मेमरी ठेवलेली असते. हवी असलेली संख्या कॅशमध्ये सापडली, तर तो हिट. न सापडल्यास ती खालच्या पातळीवरून आणावी लागते आणि तो मिस. सर्वांत जवळच्या, म्हणजे एल-१ कॅशमधला हिट चार-पाच आवर्तनांत मिळतो.

या लेखाच्या दृष्टीने कॅशचा एक गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. मिस झाल्यावर प्रोसेसर फक्त मागितलेली संख्या आणत नाही, तर तिच्या आजूबाजूचा ठरावीक लांबीचा पूर्ण तुकडा आणतो. या तुकड्याला कॅश लाइन म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या आजच्या प्रोसेसरमध्ये तिची लांबी ६४ बाइट असते. आठ बाइटची एक संख्या मागितली, की तिच्यासोबत सात शेजारी आपोआप कॅशमध्ये येतात. या शेजाऱ्यांचा उपयोग होणार की ते न वापरताच बाहेर फेकले जाणार, हे वाचनाच्या क्रमावर ठरते.

एका लहान मॅट्रिक्सचा हिशेब

हे नेमके कसे घडते ते पाहण्यासाठी ८ ओळी आणि ८ स्तंभांची मॅट्रिक्स घेऊ. प्रत्येक घटक ४ बाइटचा पूर्णांक आहे, म्हणजे पूर्ण मॅट्रिक्स २५६ बाइटची झाली. कॅशही मुद्दाम लहान धरू. तिची लाइन १६ बाइटची, म्हणजे चार घटकांची आहे आणि तिच्यात अशा चार लाइनपुरते चार खण आहेत. कोणतीही लाइन कोणत्याही खणात बसू शकते. सर्व खण भरलेले असतील, तर ज्या लाइनला सर्वांत जास्त वेळ कोणी विचारलेले नाही ती बाहेर जाते. सुरुवातीला कॅश रिकामी आहे आणि मॅट्रिक्सचा पहिला घटक एखाद्या लाइनच्या आरंभीच पडतो.

अशा मॅट्रिक्सचे मेमरीत चार-चार घटकांचे १६ गट पडतात. त्यांना ० ते १५ क्रमांक देऊ. ओळी आणि स्तंभही शून्यापासून मोजू. ओळ ० मध्ये गट ० आणि १ येतात, ओळ १ मध्ये गट २ आणि ३, आणि असेच पुढे जात ओळ ७ मध्ये गट १४ आणि १५.

आधी ओळीने वाचन. `a[0][0]` मागितला, की मिस होतो आणि गट ० कॅशमध्ये येतो. पुढचे तीन घटक याच गटात असल्याने तीन हिट मिळतात. `a[0][4]` ला पुन्हा मिस होतो, गट १ येतो आणि पुन्हा तीन हिट. हाच क्रम शेवटपर्यंत चालतो. प्रत्येक गटाला एक मिस, म्हणून एकूण १६ मिस आणि ४८ हिट. गटातले चारही घटक वापरून झाल्यावर तो बाहेर गेला तरी बिघडत नाही, कारण तो पुन्हा लागणारच नसतो. यापेक्षा कमी मिस होणे शक्य नाही. मॅट्रिक्सचा प्रत्येक गट एकदा तरी आणावाच लागतो.

आता स्तंभाने वाचन. स्तंभ ० मधील आठ घटक आठ वेगवेगळ्या ओळींत, म्हणजे गट ०, २, ४, ६, ८, १०, १२ आणि १४ यांत आहेत. पहिल्या चार वाचनांना चार मिस होऊन कॅश भरते. पाचव्या वाचनाला गट ८ हवा असतो आणि त्याच्यासाठी सर्वांत जुना गट ० बाहेर जातो. त्यानंतर गट २, ४ आणि ६ यांचीही तीच गत होते. स्तंभ संपतो तेव्हा कॅशमध्ये ८, १०, १२ आणि १४ हे गट उरलेले असतात.

स्तंभ १ ची सुरुवात `a[0][1]` पासून होते. तो गट ० मध्ये आहे आणि आठ वाचनांपूर्वी कॅशमध्ये आलेलाही होता, पण आता तो तेथे नाही. म्हणून पुन्हा मिस, आणि गट ८ बाहेर. गट ८ ची पाळी येईपर्यंत तोही गेलेला असतो. प्रत्येक गट गरज पडण्याच्या थोडे आधी बाहेर पडत राहतो. परिणामी ६४ वाचनांना ६४ मिस होतात आणि हिट एकही मिळत नाही.

मेमरीतून वाहून आणलेल्या बाइटचा हिशेब हेच सांगतो. ओळीने वाचताना १६ गट, म्हणजे २५६ बाइट आले; जेवढी मॅट्रिक्स तेवढेच. स्तंभाने वाचताना १,०२४ बाइट आले आणि त्यांतले तीन-चतुर्थांश न वापरताच टाकले गेले. हिटला ४ आवर्तने आणि मिसला २०० आवर्तने लागतात असे धरले, तर पहिल्या रीतीला ३,३९२ आणि दुसरीला १२,८०० आवर्तने लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट.

या उदाहरणातून एक मर्यादाही समजते. एका पातळीच्या कॅशपुरते पाहिले, तर स्तंभाने वाचण्याचे मिस ओळीच्या तुलनेत जास्तीत जास्त एका लाइनमध्ये जितके घटक मावतात तितके पट होतात. येथे ते चार पट झाले. ६४ बाइटची लाइन आणि ८ बाइटच्या संख्या असतील तर आठ पट, ४ बाइटच्या असतील तर सोळा पट. प्रत्येक बिंदूला एक बाइट अशा कृष्णधवल प्रतिमेसाठी हे प्रमाण चौसष्ट पटींपर्यंत जाते.

चार ऐवजी आठ खण

याच कॅशमध्ये चार ऐवजी आठ खण असते तर चित्र पालटते. स्तंभ ० वाचताना आठ मिस होतात, पण आठही गट कॅशमध्ये टिकून राहतात. स्तंभ १, २ आणि ३ चे सर्व घटक याच गटांत असल्याने २४ हिट मिळतात. स्तंभ ४ ला नवे आठ गट आणावे लागतात आणि पुढच्या तीन स्तंभांना पुन्हा २४ हिट. एकूण मिस १६, म्हणजे ओळीने वाचण्याइतकेच.

यावरून स्तंभाने वाचणे केव्हा महाग पडते ते स्पष्ट होते. पूर्ण मॅट्रिक्स कॅशमध्ये मावते की नाही, हा खरा प्रश्न नसतो. एका स्तंभाला स्पर्श करताना जितक्या लाइन लागतात, तितक्या कॅशमध्ये एकाच वेळी राहू शकतात का, हे पाहावे लागते. ३२ किलोबाइटच्या एल-१ कॅशमध्ये ६४ बाइटच्या ५१२ लाइन मावतात. ८ बाइटच्या संख्यांची १०० गुणिले १०० ची मॅट्रिक्स ८०,००० बाइटची, म्हणजे या कॅशहून मोठी असते. तरी तिच्या एका स्तंभाला १०० लाइनच लागतात. म्हणून लहान मॅट्रिक्सवर प्रयोग केला तर दोन्ही रीतींत फारसा फरक दिसत नाही, आणि तेवढ्यावरून मोठ्या मॅट्रिक्सबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

खण रिकामे असूनही मिस

आतापर्यंत कोणतीही लाइन कोणत्याही खणात बसते असे धरले होते. खऱ्या कॅशमध्ये इतकी मोकळीक नसते, कारण प्रत्येक वाचनाला सगळे खण तपासणे परवडत नाही. पत्त्यावरूनच लाइनची जागा ठरते. याचे सर्वांत साधे रूप असे, की गट क्रमांकाला खणांच्या संख्येने भागून जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या खणातच तो गट बसतो. याला डायरेक्ट-मॅप्ड कॅश म्हणतात.

आठ खणांची अशी कॅश घेऊन स्तंभ ० पुन्हा वाचू. गट ०, २, ४, ६ हे खण ०, २, ४, ६ मध्ये बसतात. पुढे गट ८ येतो. त्याला आठाने भागल्यावर बाकी शून्य, म्हणून तो खण ० मध्ये जातो आणि गट ० ला बाहेर काढतो. गट १०, १२ आणि १४ हेही तसेच खण २, ४ आणि ६ वर येतात. खण १, ३, ५ आणि ७ या वेळी रिकामे असतात, पण त्यांचा उपयोग होत नाही. आठ खणांची कॅश चार खणांसारखी वागते आणि मिसची संख्या १६ वरून पुन्हा ६४ वर जाते. जागा असूनही होणाऱ्या अशा मिसला कॉन्फ्लिक्ट मिस म्हणतात.

दोष येथे ओळीच्या लांबीत आहे. आठ घटकांची ओळ म्हणजे नेमके दोन गट, आणि दोनाच्या पटीतल्या उड्या आठ खणांपैकी चारांवरच पडतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी चार घटकांची जागा मोकळी सोडून ओळ बारा घटकांची केली, तर एका ओळीचे तीन गट होतात. मग स्तंभ ० चे गट ०, ३, ६, ९, १२, १५, १८ आणि २१ होतात आणि आठाने भागल्यावर बाकी अनुक्रमे ०, ३, ६, १, ४, ७, २, ५ उरते. आठही गटांना वेगळे खण मिळाले. मिस पुन्हा १६ वर येतात. या उपायाला पॅडिंग म्हणतात. त्याची किंमत म्हणजे १२८ बाइटची जास्तीची जागा.

खऱ्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक पत्त्याला एकच खण नसतो, तर काही खणांचा एक संच असतो. ३२ किलोबाइटच्या एल-१ कॅशची नेहमीची रचना ६४ संच आणि प्रत्येक संचात ८ खण अशी आहे. एकमेकांपासून ४,०९६ बाइट अंतरावरचे पत्ते त्यात एकाच संचात पडतात. ८ बाइटच्या ५१२ संख्यांची ओळ नेमकी ४,०९६ बाइटची होते. अशा मॅट्रिक्सचा स्तंभ वाचताना सगळे घटक आठच खणांसाठी भांडतात आणि बाकीची कॅश स्वस्थ राहते. ओळ ५२० संख्यांची ठेवली तर तेच घटक सर्व संचांत पसरतात. स्तंभाने वाचणारा प्रोग्राम १,००० किंवा १,०५० रुंदीला बरा चालतो आणि १,०२४ रुंदीला अचानक मंदावतो, असे दिसले तर कॉन्फ्लिक्ट मिसचाच संशय घ्यावा.

मोठ्या मॅट्रिक्सवर

८ बाइटच्या संख्यांची ४,०९६ गुणिले ४,०९६ ची मॅट्रिक्स १२८ मेगाबाइटची असते आणि तिच्यात १,६७,७७,२१६ घटक असतात. ओळीने वाचताना एल-१ कॅशचे मिस याच्या एक-अष्टमांश, म्हणजे २०,९७,१५२ होतात. स्तंभाने वाचताना जवळपास प्रत्येक वाचनाला मिस होतो.

प्रत्यक्ष वेळेतला फरक मात्र आठ पटीपेक्षा कमीही असू शकतो आणि जास्तही. एल-१ मध्ये न सापडलेली लाइन एल-२ किंवा एल-३ या पुढच्या पातळ्यांवर सापडली, तर दंड कमी बसतो. उलट दोन गोष्टी फरक वाढवतात. एक म्हणजे प्रीफेचर. पत्ते क्रमाने वाढत आहेत हे प्रोसेसर ओळखतो आणि पुढची लाइन मागण्याआधीच आणून ठेवतो, त्यामुळे ओळीने वाचतानाचे बरेच मिस वेळेच्या दृष्टीने झाकले जातात. ३२ किलोबाइटच्या उड्यांना ही मदत सहसा मिळत नाही. दुसरी म्हणजे टीएलबी, पत्त्यांच्या भाषांतराची कॅश. मेमरीची नेहमीची पाने ४ किलोबाइटची असतात. स्तंभाने वाचताना प्रत्येक पाऊल नव्या पानावर पडते आणि एका स्तंभाला ४,०९६ पाने लागतात, तर पहिल्या पातळीच्या टीएलबीत अनेक प्रोसेसरवर ६४ पानांच्याच नोंदी मावतात.

मोजून कसे पाहायचे

लिनक्सवर हा हिशेब दोन साधनांनी पडताळता येतो.

```
perf stat -e L1-dcache-loads,L1-dcache-load-misses ./sum
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes ./sum
```

पहिली आज्ञा प्रोसेसरमधील मोजणी-नोंदी वाचते, त्यामुळे तिच्यात प्रीफेचरचा परिणाम मिसळलेला असतो. दुसरी कॅशची नक्कल करून वाचने आणि मिस मोजते. तिच्या अहवालात `Dr` म्हणजे वाचनांची संख्या आणि `D1mr` म्हणजे त्यांतले एल-१ मिस. या नकलेत प्रीफेचर नसल्याने हाताने केलेल्या हिशेबाशी ती अधिक जुळते. मोजणीच्या वेळी बेरजेचे उत्तर शेवटी छापावे. उत्तर कुठेच वापरले नाही, तर कंपायलर पूर्ण लूपच गाळू शकतो आणि मग मोजायला काही उरत नाही.

मांडणी भाषेची, क्रम प्रोग्रामरचा

स्तंभप्रधान मांडणी मुळात सदोष नाही. फोरट्रानमध्ये स्तंभाने वाचणे स्वस्त आणि ओळीने वाचणे महाग, एवढाच फरक. जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ साठी फोरट्रानचा कंपायलर १९५७ मध्ये दिला, तेव्हा त्या यंत्राला कॅश नव्हती आणि वाचनाच्या क्रमाने असा फरक पडत नव्हता. लहान वेगवान मेमरीची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये कॅश व्यापारी संगणकात आली. मांडणीचा संकेत त्याआधीच रुजला होता. म्हणून एका भाषेतला प्रोग्राम दुसरीत नेताना लूपचा क्रम जसाच्या तसा ठेवला, तर उत्तर बरोबर येते पण प्रोग्राम मंदावतो. पायथॉनच्या नमपायमध्ये मूळ मांडणी ओळप्रधान असते आणि `order='F'` लिहून स्तंभप्रधान मागता येते.

लूपची अदलाबदल हा पहिला उपाय. जीसीसी कंपायलर `-O3` वर काही ठिकाणी ती स्वतःच करतो, पण त्यावर विसंबता येत नाही. दशांश संख्यांच्या बेरजेत क्रम बदलला तर शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो, म्हणून परवानगीशिवाय कंपायलर तसे करण्याचे टाळतो.

काही कामांत अदलाबदलही पुरत नाही. मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ करून `b[j][i] = a[i][j]` असे लिहिताना एक मॅट्रिक्स ओळीने वाचली, की दुसरी स्तंभानेच भरावी लागते. वरच्याच ८ गुणिले ८ च्या दोन मॅट्रिक्स आणि कोणतीही लाइन कोठेही बसणारी आठ खणांची कॅश घेऊ आणि लिहितानाही लाइन आधी कॅशमध्ये आणली जाते असे धरू. `a` चे १६ मिस होतात. `b` चे आठ गट आणि मध्ये येणारे `a` चे गट मिळून आठ खणांत मावत नाहीत, म्हणून `b` चे ६४, एकूण ८०.

यावर उपाय म्हणजे काम ४ गुणिले ४ च्या चौकोनांत तोडणे. एका चौकोनाला `a` चे चार आणि `b` चे चार, असे नेमके आठ गट लागतात. चौकोन पूर्ण होईपर्यंत ते सगळे कॅशमध्ये राहतात. चार चौकोनांचे मिळून ३२ मिस होतात. दोन्ही मॅट्रिक्सचे गटही ३२ च आहेत, म्हणजे प्रत्येक गट एकदाच आणला गेला. या रीतीला टायलिंग म्हणतात. चौकोनाची बाजू एका लाइनमध्ये मावणाऱ्या घटकांइतकी किंवा तिच्या पटीत घेतात, आणि दोन्ही मॅट्रिक्समधील चौकोनाच्या लाइन एकाच वेळी कॅशमध्ये राहतील इतपतच ती वाढवतात.